तीन शिफ्ट आणि एक नवी ओळख

पुण्याच्या उत्तरेला भोसरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. तिथे तीन शिफ्टमध्ये काम करणाऱ्या मुलाचं स्थळ साताऱ्याकडच्या एखाद्या शिक्षिकेला सांगून येतं. बघण्याचा कार्यक्रम होतो, दोघं एकमेकांना बरी वाटतात. घरचे समजूतदार असतात, म्हणतात, ‘नंबर घ्या, महिनाभर बोला, मग ठरवा.’ पहिला आठवडा छान जातो. रोज संध्याकाळी फोन होतो, रात्री नऊपर्यंत गप्पा चालतात. दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळचे फोन बंद पडतात आणि मेसेज रात्री साडेबाराला यायला लागतात. तिसऱ्या आठवड्यात तो पहाटे चारला ‘ठीक आहे’ एवढंच लिहितो आणि दुपारी दोनपर्यंत गायब असतो. मुलीच्या मनात प्रश्न उभा राहतो, की याचा रस संपला का? मुलगाही अस्वस्थ असतो, कारण आपण आहोत तसेच आहोत, तरी पलीकडचा आवाज का थंडावला हे त्याला कळत नाही.

या दोघांमध्ये बिनसलेलं काहीच नाही. फक्त त्याची शिफ्ट बदलली आहे. ओळख जुनी असती तर हे लगेच लक्षात आलं असतं, कारण जुन्या ओळखीत माणसाचा स्वभाव माहीत असतो आणि उशिराचं कारण आपण स्वतःच समजून घेतो. नव्या ओळखीत हाताशी पुरावा एकच असतो, तो म्हणजे उत्तर किती वेळात आलं. फिरत्या शिफ्टच्या माणसाबाबत नेमका हाच पुरावा फसवा ठरतो. म्हणून अशा ओळखीत घड्याळाऐवजी शिफ्ट बघायला शिकावं लागतं. वर्षानुवर्षं शिफ्ट करणाऱ्या कामगारांच्या घरांत हे ज्ञान असतं. नव्याने ओळख झालेल्यांना ते कोणी सांगत नाही.

एक फेरा मांडून बघू

कारखान्यागणिक वेळा थोड्या बदलतात. उदाहरणासाठी एक सर्रास दिसणारी रचना घेऊ. फर्स्ट शिफ्ट सकाळी साडेसहा ते दुपारी तीन, सेकंड तीन ते रात्री साडेअकरा आणि थर्ड, म्हणजे रात्रपाळी, साडेअकरा ते सकाळी साडेसहा. शिफ्ट दर आठवड्याला बदलते, सुटी गुरुवारची. कंपनीची बस पाऊण तास घेते. मोबाइल लाइनवर न्यायला मनाई आहे, तो लॉकरमध्ये राहतो. मुलगी शाळेत साडेदहा ते पाच असते, साडेनऊला घर सोडते, सहाला परत येते आणि साडेदहा-अकराला झोपते.

फर्स्टच्या आठवड्यात तो पहाटे पावणेपाचला उठतो आणि दुपारी चारच्या आत खोलीवर येतो. तासभर पडतो, आणि साडेपाचपासून साडेनऊपर्यंत मोकळा असतो. तीही सहानंतर घरी असते. रोज दोन-अडीच तास दोघांचे जुळतात. ओळख बहुधा याच आठवड्यात बहरते, आणि पुढच्या आठवड्यांची अपेक्षाही इथेच तयार होते.

मग सेकंड येते. बाहेरच्या माणसाला वाटतं की रात्रपाळी सगळ्यात वाईट असेल. झोपेच्या दृष्टीने ते खरंही आहे. पण माणसांच्या भेटीगाठींना सगळ्यात जास्त मारते ती सेकंड शिफ्ट. जग ज्या वेळी मोकळं होऊन बोलायला बसतं, नेमक्या त्या वेळी हा माणूस लाइनवर उभा असतो. तो सव्वाबाराला खोलीवर पोचतो तेव्हा ती झोपलेली असते. तो जेवून एक-दीडला झोपतो आणि नऊला उठतो, तेव्हा ती घर सोडायच्या घाईत असते. तो अकरा वाजता अगदी ताजातवाना असतो, तर ती वर्गात असते. उरतात दोनच फटी. एक सकाळी नऊ ते साडेनऊमधली दहा मिनिटं आणि दुसरी शाळेच्या मधल्या सुटीतली पंधरा मिनिटं, त्याची बस निघण्याआधीची.

थर्डमध्ये उलटंच होतं. तो सकाळी सव्वासातला येतो, आठला झोपतो आणि दीड-दोनला उठतो. संध्याकाळी सहा ते साडेसात आणि रात्री नऊ ते सव्वादहा असा वेळ दोघांनाही असतो, म्हणजे कागदावर हा आठवडा सेकंडपेक्षा पुष्कळ बरा दिसतो. पण त्या वेळी फोनवर येणारा माणूस पाच-साडेपाच तासांच्या तुटक झोपेवर चाललेला असतो. वेळ असतो, पण माणसात जीव नसतो.

एकदा हे मांडलं की तीन आठवड्यांकडून तीन वेगळ्या गोष्टी मागायच्या, हे आपोआप कळतं. फर्स्टमध्ये लांब गप्पा, सेकंडमध्ये छोटी पण ठरलेली भेट, आणि थर्डमध्ये हलकंफुलकं बोलणं. तिन्ही आठवड्यांकडून रोज रात्री नऊला एक तासाचा फोन मागितला तर तीनपैकी दोन आठवडे दोघांनाही हरल्यासारखं वाटत राहणार.

तिन्ही गुरुवार सारखे नसतात

भेट कधी ठरवायची, हा पुढचा प्रश्न. सुटी गुरुवारी आहे, म्हणजे दर गुरुवारी तो मोकळा, असं वाटतं. इथे जरा हिशेब करावा लागतो.

फर्स्टचा आठवडा बुधवारी दुपारी तीनला संपतो आणि सेकंड शुक्रवारी दुपारी तीनला सुरू होते. मध्ये पूर्ण अठ्ठेचाळीस तास मिळतात, आणि त्याआधीच्या रात्री तो नीट झोपलेलाही असतो. सेकंड बुधवारी रात्री साडेअकराला संपते, थर्ड शुक्रवारी रात्री साडेअकराला लागते. पुन्हा अठ्ठेचाळीस तास. पण थर्डची शेवटची रात्र गुरुवारी सकाळी साडेसहाला संपते आणि फर्स्ट शुक्रवारी सकाळी साडेसहालाच उभी राहते. मध्ये फक्त चोवीस तास. त्यातला अर्धा दिवस झोपेत जातो, आणि पहाटे पावणेपाचला उठायचं म्हणून रात्री लवकर आडवं व्हावं लागतं. या गुरुवारला सुटी म्हणतात, पण ती सुटी शरीर वळवण्यातच संपते.

या गुरुवारी ती म्हणाली, ‘आज तरी सुटी आहे ना, या की साताऱ्याला’, आणि तो नाही म्हणाला, तर दोघंही खरंच बोलत असतात. भेट ठरवायचीच तर फर्स्ट संपल्यावरच्या गुरुवारची ठरवावी. तिची शाळा पाचला सुटते, तो दुपारीच निघून संध्याकाळी साताऱ्यात पोचू शकतो. नातेवाइकांकडे मुक्काम करून शुक्रवारी सकाळी लवकर निघाला तर दुपारी दोनच्या बसला तो खोलीवर हजर असतो. रविवार तिच्या सोयीचा हवा असेल तर फर्स्टच्या आठवड्यातला घ्यावा, कारण त्या दिवशी तो चारनंतर मोकळा असतो आणि तिला पुण्याला येऊन परतता येतं. तीन आठवड्यांत असे दोन दिवस निघतात. ते आधीच ठरवून ठेवले की बाकीच्या दिवसांत ‘कधी भेटणार’ हा प्रश्न डोकं खात नाही.

यासाठी एकच गोष्ट करायला हवी, आणि ती त्याने करायची आहे. शिफ्टचा तक्ता हातात पडला की त्याचा फोटो तिला पाठवायचा. त्याखाली चार ओळी लिहायच्या: झोपायच्या वेळा, बसच्या वेळा, फोन हातात नसण्याच्या वेळा आणि बोलता येईल अशा वेळा. तीही आपल्या वेळा कळवते, कारण पेपर तपासणी, निवडणुकीचं काम, पालकसभा या गोष्टी तिच्याही आठवड्याला असतातच. ‘मी शिफ्टला असतो, समजून घे’ या वाक्याने समोरच्याच्या हाती काही लागत नाही. तक्ता हाती असला की समजून घेता येतं.

पहाटे चारच्या ‘ठीक आहे’चा अर्थ

आता त्या तुटक उत्तराकडे येऊ. आपल्या शरीरात एक जैविक घड्याळ असतं. ते प्रकाशाशी जुळवून घेतं आणि चोवीस तासांत शरीराचं तापमान, झोप, सावधपणा यांची चढउतार ठरवतं. हे घड्याळ पेशींच्या पातळीवर कसं चालतं, हे उलगडणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळालं. दिवसा काम करून रात्री झोपणाऱ्या माणसात सावधपणा सगळ्यात खाली जातो तो पहाटे तीन ते पाचच्या सुमारास. आठवडाभराची रात्रपाळी लागली म्हणून हे घड्याळ लगेच उलटं फिरत नाही. ते दिवसाला साधारण तासभर सरकतं, म्हणजे ते अर्धंमुर्धं वळतं न वळतं तोच आठवडा संपतो. त्यामुळे सकाळी आठला अंथरुणावर पडलेल्या माणसाला शरीर आतून उठवत राहतं. बाहेर ऊन, हॉर्न, शेजारचा मिक्सर असतोच. दिवसाची झोप रात्रीपेक्षा काही तासांनी कमी पडते.

रात्रपाळीचा पहिला दिवस सगळ्यात जड जातो. शुक्रवारी सकाळी नेहमीसारखा उठलेला माणूस शनिवारी सकाळी साडेसहाला पंच करून बाहेर पडतो तेव्हा, दुपारी डोळा लागला नसेल तर, एकवीस-बावीस तास जागा असतो. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिलं की सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. भारतात गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. ज्या अवस्थेतल्या माणसाच्या हाती आपण गाडी देणार नाही, त्या अवस्थेत लिहिलेल्या दोन शब्दांवरून त्याच्या मनाची परीक्षा करू नये. झोप अपुरी असली की छोटी गोष्टही मोठी बोचते. म्हणून तो त्या वेळी चिडून बोलला तर त्याचा अर्थही तेवढाच धरावा.

यावरून एक नियम निघतो आणि तो दोघांनीही पाळावा. गंभीर विषय थर्डच्या आठवड्यात काढायचे नाहीत. लग्नानंतर नोकरी कुठे करायची, आईवडील कोणाकडे राहणार, कर्ज किती आहे, असले प्रश्न लिहून ठेवायचे आणि फर्स्टच्या आठवड्यात बोलायचे. ठिणगी पडलीच, तर ‘हे आपण शनिवारी बोलू, मी विसरणार नाही’ असं म्हणून थांबायचं. मात्र शनिवारी तो विषय त्याने आपण होऊन काढला पाहिजे. पुढे ढकललेला विषय तिलाच पुन्हा काढावा लागला तर या नियमावरचा तिचा विश्वास उडतो.

उत्तर हवं असलेला मेसेज आणि नुसता मेसेज

उशिरा उत्तर येण्याचा त्रास निम्मा होतो तो मेसेजचे प्रकार वेगळे केल्याने. काही मेसेजना उत्तर हवं असतं: ‘गुरुवारी येताय का, काका विचारताहेत.’ काहींना नको असतं: शाळेत आज काय झालं, वाटेत बहावा कसा फुलला होता. हे दोन्ही एकाच ओळीत गेले की उत्तर हवं असलेला मेसेज गप्पांखाली दबतो, आणि ज्याला उत्तर नकोच होतं त्याच्या उत्तराची ती वाट बघत बसते.

उत्तर हवं असलेला मेसेज वेगळा पाठवावा आणि त्यात वेळ घालावी: ‘उद्या दुपारपर्यंत सांगा.’ बाकीचं तिने मनमोकळं बोलून व्हॉइस मेसेजमध्ये पाठवावं. बसमध्ये पाऊण तास डोळे मिटून बसलेल्या माणसाला वाचणं जड जातं, ऐकणं सोपं जातं. तिचा आवाज रोज त्याच्यापर्यंत पोचतो, फक्त ठरलेल्या वेळी नाही, आणि उत्तर देण्याचं ओझंही राहत नाही.

त्यानेही एक सवय लावून घ्यावी. शिफ्ट सुटल्यावर लॉकरमधून फोन काढला की तो सगळं वाचतो, पेंगतो आणि उत्तर उठल्यावर देऊ म्हणतो. तिला दिसतं एवढंच, की सकाळी पावणेसातला वाचलं आणि दुपारी दोनपर्यंत अक्षर नाही. मधले सात तास ती तर्क करत काढते. ‘वाचलं. झोपतो. दोनला फोन करतो,’ एवढे शब्द लिहायला दहा सेकंद लागतात आणि ते सात तास शांत जातात.

त्याच्या झोपेचंही रक्षण व्हायला हवं. दिवसा झोपताना फोन शांत ठेवावा. बहुतेक फोनमध्ये निवडक नंबर किंवा थोड्या वेळात लागोपाठ आलेला दुसरा कॉल वाजू देण्याची सोय असते. ‘खरंच तातडीचं असेल तर लगेच दुसऱ्यांदा लाव’ असं ठरवून ठेवलं की तिला दार बंद असल्यासारखं वाटत नाही आणि त्याची झोपही तुटत नाही.

ठरलेलं मोडतं तेव्हा

तक्ता कितीही नीट असला तरी कारखाना त्याच्याप्रमाणे चालेलच असं नाही. सेकंडच्या आठवड्यातला सोमवार घ्या. मंगळवारी सकाळी नऊला बोलायचं ठरलं आहे. पण सोमवारी रात्री साडेअकराला रिलिव्हर येतच नाही. सुपरवायझर म्हणतो, ‘आज डबल मार.’ फोन लॉकरमध्ये, लाइन सोडता येत नाही. तो मंगळवारी सकाळी साडेसहाला बाहेर पडतो, पंधरा तास उभं राहून, आणि खोलीवर येऊन कपडे न बदलताच झोपतो. ती नऊला फोन करते, कोणी उचलत नाही. मधल्या सुटीत करते, तेव्हाही नाही. दुपारी दीडला तो धडपडत उठतो, कारण तीनला पुन्हा शिफ्ट आहे.

इथे चूक एकच घडली आणि ती टाळता आली असती. साडेसहाला फोन हातात आल्यावर ‘डबल मारली, नऊला जमणार नाही’ हे लिहायचं राहिलं. ते राहिलंच तर उठल्याबरोबर पहिलं काम तेच: काय झालं ते सांगायचं आणि चुकलेल्या फोनऐवजी दुसरी वेळ आपण होऊन द्यायची. तिच्याकडूनही एक साधी रीत हवी. ठरलेली वेळ हुकली तर एक फोन, एक मेसेज, आणि मग थांबायचं. सहा मिस्ड कॉल आणि खाली ‘राहू दे, कळलं मला’ असं वाचत उठलेला माणूस पुढच्या वेळी फोन बघायलाच कचरतो.

परिचारिका, पोलीस, रेल्वे कर्मचारी यांच्याबाबत हे आणखी अवघड असतं. त्यांची ड्युटी तीन आठवड्यांच्या सरळ फेऱ्यात चालेलच असं नसतं. तक्ता ऐन वेळी बदलतो, बंदोबस्त लागतो, सुट्या रद्द होतात. तिथे तीन आठवड्यांचं नियोजन सोडून फक्त पुढच्या दोन-तीन दिवसांचं ठरवावं. आज हातात काय आहे तेवढंच सांगावं आणि बदल झाला की लगेच कळवावं.

कारण शिफ्ट आहे की मन?

सगळ्यात नाजूक प्रश्न हा आहे. शिफ्टच्या आडोशाला लपणारी माणसंही असतात, आणि समजूतदारपणाच्या नावाखाली कोणी महिनोन्‌महिने एकतर्फी वाट बघू नये. फरक ओळखता येतो.

पहिली खूण फर्स्टच्या आठवड्यात दिसते. उशिराचं कारण शिफ्ट असेल तर उशीर शिफ्टबरोबर कमी-जास्त झाला पाहिजे. सेकंडमध्ये तुटक बोलणारा माणूस फर्स्ट लागल्यावर पुन्हा मोकळा होतो. फर्स्टमध्ये रोज संध्याकाळी चार तास हाताशी असूनही तो तितकाच अनुपलब्ध राहिला, तर कारण शिफ्ट नाही.

दुसरी खूण उत्तराच्या वेळेत नसते, उत्तरात असते. उशिरा का होईना, तो मागचे धागे उचलतो का? तिने मंगळवारी सांगितलेलं आईच्या गुडघ्याचं दुखणं तो गुरुवारी विचारतो का? की दर वेळी गाडी ‘काय चाललंय’पासूनच सुरू होते? तिसरी खूण म्हणजे ठरलेलं मोडल्यावर नवी वेळ कोण देतं. जो देतो त्याला भेटायचं असतं. दर वेळी तिलाच विचारावं लागत असेल, तर तिने ते मनाशी नोंदवून ठेवावं.

या खुणा एका आठवड्यात तपासता येत नाहीत. एक फेरा तीन आठवड्यांचा असतो. पहिल्या फेऱ्यात दोघंही एकमेकांचे आठवडे शिकत असतात आणि चुका करतात. दुसऱ्या फेऱ्यात दिसतं की शिकलेलं वापरलं जातंय का. घरच्यांनी दिलेला महिना म्हणजे एक फेरा आणि वर एक आठवडा. तो चौथा आठवडा पुन्हा फर्स्टचा, म्हणजे नेमका गोड आठवडा. त्या आनंदात होकार दिला जातो. महिन्याची सुरुवात सेकंडपासून झाली असेल, तर शेवटही सेकंडच्या तुटलेपणात होतो आणि चांगलं स्थळ हातचं जातं. म्हणून घरच्यांकडून सहा आठवडे मागून घ्यावेत आणि ते का हवेत हे तक्ता पुढे ठेवून सांगावं. आत्या-मामांना ते पटतं, कारण आपल्याकडे गिरणीच्या भोंग्यावर चाललेली घरं अजून आठवणीत आहेत.

सहा आठवड्यांनंतर एक प्रश्न मात्र उरतो, आणि तो तिने स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा. त्याच्याकडून काही कमी पडलं नसेल, तरी मला असं जगणं हवंय का? लग्नानंतरही सेकंडचा आठवडा येणार आहे. घरात दोघं असतील, तरी संध्याकाळी ती एकटी जेवेल, आणि थर्डच्या दिवसांत दुपारी घरात आवाज करता येणार नाही. जनरल शिफ्ट मिळण्याची शक्यता किती आणि कधी, हे त्याने आशा दाखवायला न सांगता खरं खरं सांगावं. काही माणसांना रोज रात्री दोन घास सोबतीने खाल्ल्याशिवाय दिवस पुरा झाल्यासारखं वाटत नाही. अशा मुलीने विचारांती नकार दिला तर तो त्या मुलाचा अपमान नाही. आणि होकार द्यायचा तर तो तिन्ही शिफ्ट बघून द्यावा, कारण फर्स्टच्या आठवड्यातला माणूस दर तिसऱ्या आठवड्यालाच घरी असणार आहे.